काळवंडलेले ओठ आणि लिंबाची फोड

खिडकीपाशी, भरपूर उजेडात आरसा धरा आणि खालचा ओठ बोटाने हलकेच बाहेर ओढून पाहा. बाहेरून दिसणारा कोरडा भाग एका रंगाचा असतो, आतला ओलसर भाग दुसऱ्या, आणि दोन्हींच्या मध्ये एक पुसटशी रेषा दिसते. ओठ मिटले की या रेषेच्या बाहेरचा भाग ऊन, वारा, धूर आणि लिपस्टिक यांच्या वाट्याला येतो. ओठ काळे पडल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्वचारोगतज्ज्ञ हीच रेषा आधी पाहतात, कारण काळेपणा नेमका कुठे आहे यावरून तो कशामुळे आला याचा पुष्कळ अंदाज येतो. कडेला काळी किनार आहे, की मधोमध डाग आहे, की सगळा ओठ सारखाच गडद आहे? हिरड्यांवरही छटा आहे का? या प्रश्नांची उत्तरं मिळण्याआधी कोणतंही क्रीम विकत घेण्यात अर्थ नाही.

ओठाची त्वचा गालाच्या त्वचेपेक्षा खूप पातळ असते. तिच्यावर केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलग्रंथी जवळपास नसतातच. म्हणून ओठ चटकन कोरडे पडतात, आणि पातळ त्वचेखालच्या केशवाहिन्यांमधल्या रक्ताचा लालसरपणा वर दिसतो. पण ओठांतही मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ माणसांमध्ये त्या चांगल्याच कामसू असतात. त्यामुळे वरचा ओठ तपकिरी आणि खालचा मधोमध गुलाबीसर, किंवा दोन्ही ओठांना गडद किनार, असा दोन रंगांचा ओठ आपल्याकडे अगदी सर्रास दिसतो. आई, मावशी, भाऊ यांचे ओठ तसेच असतील आणि शाळेतल्या फोटोतही तुमचे ओठ तसेच दिसत असतील, तर तो तुमचा जन्मजात रंग आहे. त्यात बिघडलेलं काही नाही आणि तो कायमचा बदलणारं क्रीमही नाही. जाहिरातीतल्या गुलाबी ओठांशी तुलना करून औषध शोधणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं नुकसान तिथूनच सुरू होतं.

खरी तक्रार वेगळी असते. पूर्वी ओठ असे नव्हते, गेल्या काही वर्षांत झाले. अशा वेळी जुना फोटो हाच सगळ्यांत उपयोगी पुरावा.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. नाशिकचा पस्तिशीतला एक औषध-प्रतिनिधी. दिवसभर बाइकवरून डॉक्टरांच्या गाठीभेटी, प्रत्येक चहाबरोबर एक सिगारेट, म्हणजे दिवसाला सात-आठ, आणि ही सवय कॉलेज संपल्यापासूनची. लग्नाच्या फोटोत ओठ तपकिरी-गुलाबी दिसतात, आज ते काळसर आहेत. खालच्या ओठाचा मधला भाग जास्त गडद आणि सालपटं निघणारा, शिवाय ओठाच्या कडेबाहेर, त्वचेवर एक काळी रेघ. घरी कुणीतरी सांगितलं म्हणून तो रोज रात्री लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन ओठ चोळतो. पहिले काही दिवस ओठ लालसर दिसले आणि उपाय लागू पडतोय असं वाटलं. महिनाभराने रंग होता त्याहून गडद झाला. या एकाच माणसाच्या ओठावर किमान तीन कारणं एकावर एक चढली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय सुटणार नाहीत.

पहिलं कारण सिगारेट. धुरातलं निकोटिन आणि जळालेल्या तंबाखूतली काही रसायनं ओठांतल्या आणि हिरड्यांतल्या रंगपेशींना चेतवतात. पेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात आणि ते शेजारच्या पेशींमध्ये पाठवतात. मेलॅनिन पेशीच्या केंद्रावर छत्रीसारखं धरलं जातं, म्हणजे हा एका अर्थी शरीराचा बचाव आहे. धूम्रपानाने आलेला हा रंग हिरड्यांच्या पुढच्या भागावर, दातांच्या वर-खाली आधी दिसतो, म्हणून डॉक्टर ओठ पाहताना हिरड्याही पाहतात. आपल्या नाशिककराच्या पुढच्या हिरड्यांवर तपकिरी ठिपके आहेत. ते त्याने कधी पाहिलेलेच नव्हते. विडी ओढणाऱ्यांत विडी शेवटपर्यंत, ओठाला चटका बसेपर्यंत ओढली जाते. तिथे उष्णतेचाही मार बसतो आणि कधी कधी विडी धरण्याच्या जागी उलट पांढुरका डाग पडून भोवती काळं कडं दिसतं.

तंबाखू-चुन्याचा किंवा मशेरीचा मामला थोडा वेगळा आहे. चिमूट खालच्या ओठाच्या आत ठेवली जाते, त्यामुळे आतली बाजू आधी बदलते. ती पांढुरकी, जाडसर, सुरकुतलेली होते. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली गावोगावच्या बायका ती दिवसातून अनेकदा लावतात आणि तिला व्यसनात मोजतही नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘मशेरी लावता का?’ असं वेगळं विचारलं तरच ‘हो, तेवढी लावते’ असं कळतं. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या ओठांचा रंग काळा पडण्याऐवजी फिका आणि ओठ ताठर होऊ लागला, तोंडात आपली तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तिखट लागलं की आग होऊ लागली, तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. त्यासाठी लगेच दंतवैद्याकडे जायला हवं.

दुसरं कारण ऊन. खालचा ओठ किंचित बाहेर आणि वर तोंड करून असतो, म्हणून वरून येणारं ऊन त्याच्यावर थेट पडतं. आपल्याकडच्या त्वचेत उन्हाचा परिणाम आधी काळवंडणं आणि कोरडेपणा म्हणून दिसतो. केवळ अतिनील किरणंच नाही, तर डोळ्यांना दिसणारा उजेडही सावळ्या त्वचेला गडद करतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्यांमध्ये, शेतात, होडीवर किंवा चौकात उभं राहून काम करणाऱ्यांमध्ये, आणि गोऱ्या माणसांत जास्त करून, खालच्या ओठाची कड पुसट होते आणि तिथे खरखरीत, पांढुरके, न भरणारे चट्टे येऊ शकतात. ते पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात, म्हणून तसा चट्टा दिसला तर तो तपासूनच घ्यायचा.

तिसरं कारण ओठांवरची चिडचिड, म्हणजे सततचा छोटा दाह. कोरड्या ओठांवर जीभ फिरवायची सवय लागते. लाळ वाळताना ओठातलं पाणीही घेऊन जाते, ओठ आणखी कोरडे पडतात, जीभ पुन्हा फिरते. जिभेचा फेर ओठाच्या बाहेर जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत काळी रेघ तयार होते. आपल्या माणसाच्या ओठाबाहेरची रेघ हीच. त्यात लिंबाचं आम्ल आणि साखरेचे धारदार कण यांनी त्वचेवर बारीक ओरखडे काढले. सावळ्या त्वचेचा नियम असा की जिथे दाह झाला, तिथे तो ओसरल्यावर काळा डाग मागे राहतो. लिंबाचा रस त्वचेवर असताना उन्हात गेलं तर आणखी वाईट, कारण त्यातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा अक्षरशः भाजतात आणि भाजल्या जागी गडद डाग उमटतो. टूथब्रशने ओठ घासणं, बेकिंग सोडा चोळणं हे याच रांगेतले उपाय. पहिल्या आठवड्यात दिसणारा गुलाबीपणा हा रक्त वर आल्याचा असतो. बीटाचा रस मात्र निरुपद्रवी आहे, तो फक्त रंग लावतो आणि दोन तासांत पुसला जातो.

बायकांमध्ये याच तिसऱ्या गटात एक कारण फार मोठं आहे, ते म्हणजे ओठाला लागणाऱ्या वस्तूंची ॲलर्जी. लिपस्टिकमधला सुगंध, रंग, त्यात वापरलं जाणारं एरंडेल तेलातलं आम्ल, लिप बाममधला पुदिना किंवा दालचिनीचा स्वाद, टूथपेस्टमधले तेच स्वाद. ही ॲलर्जी नेहमी खाज आणि सूज घेऊन येत नाही. कित्येकदा ती गुपचूप येते आणि थेट काळेपणा देते. ओठ काळे पडले म्हणून आणखी गडद, चोवीस तास टिकणारी लिपस्टिक लावली जाते आणि चक्र सुरू राहतं. शंका असेल तर दोन महिने लिपस्टिक, स्वादाचा लिप बाम आणि दालचिनी किंवा तीव्र पुदिन्याची टूथपेस्ट बंद करून पाहायची. खात्री हवी असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यांचे छोटे थेंब पाठीवर चिकटपट्टीखाली दोन दिवस ठेवतात, मग पट्टी काढून लगेच आणि आणखी दोन दिवसांनी पाहतात.

इथे आणखी एक कारण सांगितलंच पाहिजे, कारण ते सहज निसटतं: गोळ्या. जुलाब लागले की मेडिकलमधून आणलेली नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची जोडगोळी, अंगदुखीची गोळी किंवा सल्फा गटातलं प्रतिजैविक यांपैकी एखादं औषध काही माणसांच्या अंगावर दर वेळी एकाच ठिकाणी उमटतं, आणि ओठ ही त्याची आवडती जागा. गोळी घेतल्यावर काही तासांत ते दिवसभरात ओठावर एका जागी आग होते, सूज येते, कधी फोड येतो. चार-आठ दिवसांत ते बरं होतं, पण मागे गोलसर, निळसर-काळा डाग राहतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. पुन्हा तीच गोळी घेतली की तोच डाग पुन्हा पेटतो आणि आणखी गडद होतो. अशा माणसाने वर्षानुवर्षं क्रीमं लावली तरी काही होत नाही, आणि गोळी ओळखून ती बंद केली की डाग हळूहळू फिका पडतो. म्हणून ओठाचा डाग ‘येतो-जातो’ असं वाटत असेल तर त्या त्या वेळी कोणती गोळी घेतली होती ते लिहून ठेवा आणि ते औषध सापडलं तर त्याचं नाव पाकिटात बाळगा, कारण पुढच्या डॉक्टरांनाही ते कळलं पाहिजे.

आता आपल्या नाशिककराकडे परत येऊ. तपासणीत डॉक्टर काचेची पट्टी ओठावर दाबून पाहतात. दाबल्यावर रंग नाहीसा झाला तर तो रक्तवाहिनीचा, राहिला तर रंगद्रव्याचा. याचा राहतो. मग छटा पाहतात. तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन वरच्या थरात आहे आणि तो तुलनेने लवकर जातो, कारण वरच्या पेशी झडून नव्या येत असतात. राखाडी-निळसर छटा म्हणजे रंगद्रव्य खाली, आतल्या थरात उतरलं आहे आणि ते महिन्यांनी, कधी वर्षांनी जातं. याच्या ओठाचा मोठा भाग तपकिरी आहे, बाहेरची रेघ थोडी राखाडी.

‘डॉक्टर, ओठ गुलाबी होतील का?’ तो विचारतो.

‘गुलाबी तुमचे कधीच नव्हते. लग्नाच्या फोटोत आहेत तसे बऱ्यापैकी होतील. पण वर्ष धरून चला,’ डॉक्टर सांगतात.

पहिले तीन आठवडे औषध काहीच लावायचं नाही. लिंबू-साखर बंद. दिवसातून पाच-सहा वेळा आणि रात्री झोपताना जाडसर थर देऊन साधी, विनासुगंधी पेट्रोलियम जेली. जीभ फिरवायची इच्छा झाली की तिच्याऐवजी जेलीचं बोट. सालपटं ओढून काढायची नाहीत. ओठ फार सुजलेले, भेगाळलेले असतील तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी टॅक्रोलिमससारखं दाह शमवणारं मलम देतात. तीन आठवड्यांत सालपटं थांबतात. इथवर रंगात फारसा फरक दिसत नाही आणि इथेच बहुतेक लोक कंटाळतात.

दिवसा बाहेर पडताना जेलीऐवजी किमान एसपीएफ ३० असलेला लिप बाम, कारण साधी जेली ऊन अडवत नाही. तो सढळ हाताने लावायचा आणि दर दोन तासांनी, तसंच प्रत्येक चहा-जेवणानंतर पुन्हा लावायचा. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत उपयोग होईल ही अपेक्षा चूक आहे, कारण पहिल्या कपालाच तो पुसला जातो. ज्यांना रंगाचं वावडं नाही त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेला रंगीत बाम घ्यावा, तो दिसणारा उजेडही बराच अडवतो. पुण्या-नाशिकच्या मुली स्कूटरवर तोंडाभोवती गुंडाळतात तो स्कार्फ ओठांसाठी उत्तम आहे. पुरुषांनीही रुमाल बांधायला हरकत नाही.

आणि सिगारेट. ती सुरू ठेवून बाकी सगळं केलं तर फरक पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सोडल्यावर मात्र हिरड्यांवरचा आणि ओठांवरचा धुराचा रंग महिन्यामहिन्याने उतरत जातो. काहींना सहा महिन्यांत फरक दिसतो, पूर्ण उतरायला काही वर्षंही लागू शकतात. दिवसाला आठ ओढणाऱ्याची तलफ चहाशी बांधलेली असते, म्हणून पहिल्या महिन्यात चहाची जागा आणि सोबत दोन्ही बदलणं उपयोगी पडतं. निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळते. ती सतत चघळायची नसते. तिखटपणा जाणवेपर्यंत चावायची, मग गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे आणि तिथे समुपदेशक बोलतात.

रंग उतरवणारी औषधं येतात ती यानंतर, दुसऱ्या महिन्यापासून आणि तीही गरज वाटली तर. कोजिक ॲसिड, ॲझेलाइक ॲसिड, नायसिनामाइड यांची सौम्य क्रीमं रात्री पातळ लावून दोन-तीन महिने वाट पाहायची असते. मिळणारा फरक मध्यम असतो. हायड्रोक्विनोन जास्त प्रभावी आहे, पण ओठावर लावलेलं पोटात जातं आणि दाहही करतं, म्हणून ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मर्यादित काळ. मेडिकलवाल्याने ‘हे लावा, गोरं होतं’ म्हणून दिलेली ट्यूब मात्र घेऊ नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस ओठ छान दिसतात, मग त्वचा आणखी पातळ होते, ओठाभोवती पुरळ उठतं आणि ट्यूब बंद करताच आग सुरू होते.

लेसरबद्दल विचारणारे पुष्कळ आहेत. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर रंगकण फोडतो आणि ठिपक्यासारख्या एकट्या डागावर चांगला चालतो. सगळ्या ओठासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च बराच येतो आणि कारण तसंच राहिलं तर रंग परत येतो. सावळ्या त्वचेवर जास्त शक्तीने मारला तर उलट काळे किंवा पांढरे डाग पडतात. ज्यांना ओठावर तापाचे फोड येतात, त्यांनी ते आधी सांगायला हवं, कारण लेसरने ते उसळू शकतात आणि त्यासाठी आधीच गोळ्या द्याव्या लागतात. ओठांवर गुलाबी रंग गोंदवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या रंगांत बरेचदा आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि पुढे कधी तो रंग आवडेनासा झाला आणि लेसरने काढायला गेलं, तर तोच गुलाबी रंग क्षणात काळा पडू शकतो. ब्यूटी पार्लरमध्ये हे कुणी सांगत नाही.

प्रगती मोजायला फोटो हवा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, सकाळच्या त्याच वेळी, फिल्टर न लावता, ओठांवर काही न लावता. रोजच्या आरशात बदल दिसत नाही, तिसऱ्या आणि पहिल्या फोटोत दिसतो. आपल्या नाशिककराच्या बाबतीत असं अपेक्षित आहे: पहिल्या महिन्यात सालपटं गेली, तिसऱ्या महिन्यापर्यंत ओठाचा तपकिरीपणा थोडा उतरला, सिगारेट खरंच सुटली असेल तर सहाव्या महिन्यानंतर हिरड्याही उजळू लागल्या, आणि बाहेरची राखाडी रेघ सगळ्यांत शेवटी, वर्ष उलटून गेल्यावर फिकी झाली. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडदच राहिला, कारण तो मुळात तसाच होता.

काही खुणा मात्र या सगळ्या हिशेबाबाहेरच्या आहेत. ओठावर तीन आठवड्यांत न भरलेली जखम, वाढत जाणारा किंवा रंग-आकार बदलणारा एकच डाग, घासून न निघणारा पांढरा चट्टा, हाताला लागणारी गाठ असेल तर थेट डॉक्टर. लहानपणापासून ओठांवर आणि तोंडात खूप बारीक काळे ठिपके असतील आणि वारंवार पोट दुखत असेल, तर आतड्यांची तपासणी लागते. ओठांबरोबर हिरड्या, तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे एकदम काळे पडू लागले आणि थकवा, वजन घटणं असेल, तर संप्रेरकं आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासतात. आणि ओठ, जीभ, नखं अचानक निळसर दिसू लागली आणि धाप लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन वेळ घालवायचा नाही. तो हृदयाचा किंवा फुप्फुसाचा प्रश्न असू शकतो आणि अशा वेळी माणसाला ताबडतोब रुग्णालयातच न्यायचं.